लहान क्लिनिकल ट्रायलच्या मेथड्समध्ये रँडमायझेशन कसं लिहायचं: एका वाक्याचा परिच्छेद होताना

लहान ट्रायल्सचे मसुदे तपासताना मेथड्समध्ये एक वाक्य मला सतत भेटतं: ‘रुग्णांना सीलबंद लिफाफ्यांच्या साहाय्याने यादृच्छिक पद्धतीने दोन गटांत विभागले.’ लिहिणाऱ्याला वाटतं, सांगायचं ते सगळं सांगून झालं. वाचणाऱ्याला मात्र यातून जवळजवळ काहीच कळत नाही. यादी कुणी आणि कशी केली? लिफाफ्यात काय होतं, आणि तो बाहेरून वाचता येत होता का? तो कुणी उघडला? रुग्णाला ट्रायलमध्ये घ्यायचं ठरण्याआधी उघडला की नंतर? या लेखात आपण हेच वाक्य घेऊ आणि त्याचा छापण्याजोगा परिच्छेद करू.

उदाहरण साधं ठेवू. गुडघ्याच्या ऑस्टिओआर्थ्रायटिसचे 48 रुग्ण आहेत. एका गटाने फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली व्यायाम करायचा, दुसऱ्याने तोच व्यायाम शिकून घेऊन घरी करायचा. केंद्र एकच, टीम चार-पाच जणांची. कोण कोणत्या गटात आहे हे रुग्णालाही माहीत असणार आणि फिजिओथेरपिस्टलाही. हा शेवटचा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे तो महत्त्वाचा ठरणार आहे.

आधी तीन गोष्टी वेगळ्या करा

रँडमायझेशन म्हणजे वाटपाची यादी नशिबावर सोडून तयार करणं. अलोकेशन कन्सीलमेंट म्हणजे ती यादी लपवून ठेवणं, म्हणजे पुढच्या रुग्णाला कोणता गट येणार हे त्याला ट्रायलमध्ये घेणाऱ्या माणसाला आधी कळू नये. ब्लाइंडिंग म्हणजे गट ठरून गेल्यावरही तो कुणापासून तरी लपवणं. पहिल्या दोन गोष्टी रुग्णाला गट मिळेपर्यंतच्या, तिसरी त्यानंतरची.

नवखे लेखक दुसरी आणि तिसरी गोष्ट हमखास एक करतात. ‘व्यायामाचा ट्रायल असल्याने कन्सीलमेंट शक्य नव्हते’ असं वाक्य मी वाचलं आहे. व्यायाम लपवता येत नाही हे खरं, पण पुढचा लिफाफा लपवता येतो. शस्त्रक्रिया असो, आहार असो वा समुपदेशन, कन्सीलमेंट जवळपास प्रत्येक ट्रायलमध्ये करता येतं. उलट जिथे ब्लाइंडिंग नाही तिथेच त्याची गरज जास्त असते, ती का हे ब्लॉकच्या भागात दिसेल.

कन्सीलमेंट नसेल तर होतं ते असं. पुढचा गट ‘घरी व्यायाम’ आहे हे फिजिओथेरपिस्टला माहीत आहे, आणि समोर खूप दुखणाऱ्या, एकट्या राहणाऱ्या आजी बसल्या आहेत. तो त्यांना दोन दिवसांनी यायला सांगतो, किंवा निकषांत काहीतरी खोट काढतो. मनात वाईट काहीच नसतं. पण असं दहा वेळा झालं की दोन गट मुळातच वेगळे होतात, यादी कितीही निखळ असली तरी. शुल्झ आणि सहकाऱ्यांनी 1995 मध्ये 33 मेटा-अ‍ॅनालिसिसमधले 250 ट्रायल तपासले. कन्सीलमेंट अपुरं असलेल्या ट्रायल्समध्ये उपचाराचा परिणाम, ऑड्स रेशोच्या हिशेबात, सरासरी 41 टक्के फुगलेला दिसला. कन्सीलमेंटबद्दल स्पष्ट काही लिहिलेलंच नव्हतं, त्या ट्रायल्समध्येही तो 30 टक्के फुगलेला होता.

यादी कशी झाली ते लिहा

‘यादृच्छिक’ हा शब्द पद्धत सांगत नाही, नुसता दावा करतो. जन्मतारीख सम की विषम, केसपेपरचा शेवटचा आकडा, आठवड्याचा वार, एकाआड एक रुग्ण, या सगळ्यांना लोक रँडम म्हणतात. यांतलं काहीच रँडम नाही. शिवाय हे सगळं आधीच दिसतं, त्यामुळे कन्सीलमेंट करताच येत नाही. तुम्ही असं काही केलं असेल तर तेच लिहा आणि ट्रायलला रँडमाइज्ड म्हणू नका. नाणेफेक तत्त्वतः रँडम आहे, पण ती पुन्हा तपासता येत नाही, आणि मनासारखा छाप पडला नाही तर नाणं परत उडवण्यापासून कुणाला अडवताही येत नाही.

एक्सेलमध्ये `=RAND()` वापरणाऱ्यांनी एक काळजी घ्यावी. फाइल उघडली किंवा कुठलाही सेल बदलला की हे आकडे नव्याने निघतात. आकडे लगेच व्हॅल्यू म्हणून पेस्ट करून ठेवले नाहीत, तर मूळ यादी कोणती होती हे तुम्हालाही सांगता येणार नाही.

आपल्या उदाहरणात यादी R मधल्या blockrand या पॅकेजने केली आहे:

```r
library(blockrand)
set.seed(70412)
yadi <- blockrand(n = 48, num.levels = 2,
                  levels = c("A", "B"),
                  block.sizes = 2:3)
write.csv(yadi, "yadi.csv", row.names = FALSE)
```

ब्लॉक म्हणजे यादीचा असा लहान तुकडा, ज्यात दोन्ही गट समान वेळा येतात. इथे `block.sizes = 2:3` चा अर्थ प्रत्येक ब्लॉकमध्ये दोन्ही गटांचे दोन-दोन किंवा तीन-तीन रुग्ण, म्हणजे 4 किंवा 6 चे ब्लॉक. शेवटचा ब्लॉक पूर्ण करायचा असल्याने यादी 48 पेक्षा थोडी लांब निघू शकते. आपल्याकडे ती 50 ची निघाली असं धरू. सीडचा आकडा, म्हणजे `set.seed` मधला, आणि R ची आवृत्ती दोन्ही नोंदवून ठेवा, कारण 3.6.0 या आवृत्तीपासून R मध्ये `sample()` ची आतली रीत बदलली. त्याच सीडने जुन्या आणि नव्या आवृत्तीत वेगळी यादी निघू शकते. आणि एक सहज निसटणारी गोष्ट: हा कोड आणि सीड ज्याच्याकडे आहे त्याच्याकडे यादीच आहे. ट्रायल चालू असताना ही फाइल टीमच्या सामायिक फोल्डरमध्ये पडलेली असेल, तर लिफाफे कितीही जाड असोत, कन्सीलमेंट झालेलं नाही.

ब्लॉक: साइज आणि अंदाज

साध्या रँडमायझेशनमध्ये प्रत्येक रुग्णाचं वाटप स्वतंत्र असतं. मोठ्या ट्रायलमध्ये गट आपोआप जवळपास समान होतात, लहान ट्रायलमध्ये होतीलच असं नाही. 40 रुग्णांत 15 विरुद्ध 25 किंवा त्याहून जास्त फरक पडण्याची शक्यता साधारण 15 टक्के असते. म्हणून लहान ट्रायल्स ब्लॉक वापरतात. याची दुसरी बाजूही बघा. कुणी ‘साधे रँडमायझेशन केले’ असं लिहिलं आणि 60 रुग्णांचे नेमके 30-30 निघाले, तर तसं घडण्याची शक्यता फक्त 10 टक्क्यांच्या आसपास असते. अशक्य नाही, पण रिव्ह्यूअर थबकतो. बहुतेक वेळा ब्लॉक वापरलेले असतात आणि लिहायचे राहिलेले असतात.

आता तो अंदाजाचा मुद्दा. समजा ब्लॉक सगळे 4 चेच आहेत. दोन A आणि दोन B सहा प्रकारे लावता येतात: AABB, ABAB, ABBA, BBAA, BABA, BAAB. यांपैकी कुठल्याही ब्लॉकमध्ये पहिली तीन वाटपं कळली की चौथं ठरलेलंच आहे. AABB आणि BBAA मध्ये तर पहिली दोन पाहूनच पुढची दोन्ही सांगता येतात. सहात दोनदा असं होतं. आपल्या 48 रुग्णांत 12 ब्लॉक पडतील. त्यांतली 12 चौथी वाटपं आणि सरासरी 4 तिसरी, अशी 16 वाटपं, म्हणजे एक तृतीयांश, लिफाफ्याला हात न लावता आधीच सांगता येतील. त्यासाठी दोन गोष्टी लागतात: ब्लॉक 4 चा आहे हे माहीत असणं, आणि आधीच्या रुग्णांना काय मिळालं ते दिसणं. ब्लाइंडिंग नसलेल्या ट्रायलमध्ये दुसरी गोष्ट सगळ्यांनाच दिसते. सुरुवातीला लक्षात ठेवायला सांगितलं होतं ते यासाठी. 2 चा ब्लॉक घेतला तर प्रत्येक दुसरं वाटप उघडं पडतं, म्हणून तो घेऊच नये.

यावर तोडगा म्हणजे ब्लॉकची साइजही नशिबावर सोडायची, आणि ती रुग्ण घेणाऱ्यांना कळू द्यायची नाही. अंदाज त्यामुळे पूर्ण बंद होत नाही, पण खात्री राहत नाही. यातून लिहिण्याचाही एक नियम निघतो: सगळी टीम वाचते त्या प्रोटोकॉलमध्ये ब्लॉकची साइज लिहायची नाही, ती वेगळ्या कागदावर ठेवायची. ट्रायल संपल्यावर पेपरमध्ये मात्र ती स्पष्ट द्यायची. प्रोटोकॉलमधलं वाक्य जसंच्या तसं पेपरमध्ये उतरवणाऱ्यांकडून नेमकी हीच गोष्ट सुटते.

स्ट्रॅटिफिकेशनबद्दल, म्हणजे एखाद्या घटकानुसार रुग्णांच्या वेगळ्या याद्या करण्याबद्दल, थोडक्यात. लहान ट्रायलमध्ये फार तर एक घटक घ्या. वय, लिंग, आजाराची तीव्रता असे दोन-दोन पातळ्यांचे तीन घटक घेतले की आठ वेगळ्या याद्या होतात आणि 48 रुग्णांत प्रत्येकीच्या वाट्याला सरासरी सहाच येतात. अर्धवट ब्लॉक साचतात आणि ज्या समतोलासाठी हे केलं तोच बिघडतो. आपल्या उदाहरणात स्ट्रॅटिफिकेशन नाही, आणि तेही एका उपवाक्यात सांगायचं.

लिफाफा जवळून पाहू

शुल्झनेच त्याच वर्षी दुसऱ्या एका लेखात लोक वाटप कसं फोडतात ते नोंदवलं होतं. त्यात लिफाफा दिव्यासमोर धरून वाचण्याचाही समावेश होता. म्हणून ‘सीलबंद’ एवढं पुरत नाही. लिफाफा क्रमांकित, अपारदर्शक आणि सीलबंद असा तिन्ही हवा, आणि तो तसा कशामुळे होता हे सांगायला हवं.

हातात घेऊन बघा. साध्या पांढऱ्या पाकिटात छापील चिठ्ठी घालून ते खिडकीच्या उजेडात धरा. A की B हे बऱ्याचदा दिसतं. त्याच चिठ्ठीभोवती अ‍ॅल्युमिनियम फॉइलची घडी घाला आणि पुन्हा धरा, नुसता काळा चौकोन दिसेल. चिठ्ठीवर कार्बन पेपर ठेवला तर दुसरा फायदा मिळतो: उघडण्याआधी लिफाफ्यावर रुग्णाचा ट्रायल क्रमांक, तारीख आणि वेळ लिहिली की ती आतल्या चिठ्ठीवर उमटते. कुणी आधी उघडून बघितलं आणि पसंत पडलं नाही म्हणून लिफाफा दुसऱ्या रुग्णासाठी ठेवला, असं मग सहज करता येत नाही. चिठ्ठ्या दोन्ही गटांच्या एकाच मापाच्या, एकाच कागदाच्या आणि सारख्या घडीच्या हव्यात. एका गटाची सूचना दोन पानांची आणि दुसऱ्याची अर्ध्या पानाची असेल, तर लिफाफा हातात तोलूनही गट कळतो.

ऑनलाइन प्रणालीचा पर्याय असेल तर तो जास्त चांगला. REDCap मध्ये यादी चढवण्याचा `Setup` हा अधिकार आणि रुग्णाचं वाटप घेण्याचा `Randomize` हा अधिकार वेगवेगळ्या लोकांना देता येतात. पण दोन्ही अधिकार एकाच माणसाकडे असतील तर संगणकाचा उपयोग शून्य. ‘वेबवर आधारित प्रणालीने रँडमायझेशन केले’ या वाक्यालाही म्हणूनच पुढे ‘यादी कुणाला दिसत होती’ हे जोडावं लागतं.

कोण काय करत होतं

तीन कामं आहेत: यादी करणं, रुग्णाला ट्रायलमध्ये घेणं आणि त्याला गट देणं. पहिलं काम करणारा दुसऱ्या कामात नको. लहान टीमकडून नेहमी ऐकू येतं की आमच्याकडे माणसंच नाहीत. यादी करायला ट्रायलमधला माणूस लागत नाही. दुसऱ्या विभागातला सहकारी अर्ध्या तासात यादी करून देऊ शकतो. कार्यालयातला एखादा कर्मचारी, ज्याचा रुग्णांशी संबंध येत नाही, लिफाफे कुलपात ठेवू शकतो. लिहिताना नावं नकोत, भूमिका हव्यात, आणि त्या भूमिकेचा रुग्ण घेण्याशी संबंध नव्हता हे सांगायला हवं.

क्रमही इथेच सांगायचा: पात्रता तपासली, संमती घेतली, सुरुवातीची मोजमापं पूर्ण केली आणि त्यानंतर लिफाफा उघडला. मोजमापं नंतर घेतली असतील तर गट कळल्यावर घेतलेली वेदनेची नोंद तितकी विश्वासार्ह राहत नाही, आणि वाचकाला ते कळायला हवं.

हे सगळं नवं नाही. 1948 मध्ये ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलचा क्षयरोगावरच्या स्ट्रेप्टोमायसिनचा अहवाल आला, 107 रुग्णांचा. त्यातल्या मोजक्या वाक्यांत सारं आहे: यादी संख्याशास्त्रज्ञ ब्रॅडफर्ड हिल यांनी यादृच्छिक आकड्यांवरून केली, तिचा तपशील संशोधकांपैकी कुणालाच माहीत नव्हता, तो सीलबंद क्रमांकित लिफाफ्यांत होता, आणि रुग्ण पात्र ठरल्यानंतर त्या क्रमांकाचा लिफाफा मध्यवर्ती कार्यालयात उघडला जाई. आजची कॉन्सॉर्ट मार्गदर्शक तत्त्वंही हेच विचारतात: यादी कुणी व कशी केली, रँडमायझेशनचा प्रकार व ब्लॉक, लपवण्याची रीत, आणि रुग्ण घेणाऱ्यांना व गट देणाऱ्यांना यादी पाहता येत होती का.

परिच्छेद

सुरुवातीचं एका ओळीचं वाक्य आता असं होईल:

‘वाटपाची यादी रुग्णांशी संपर्क नसलेल्या, दुसऱ्या विभागातील संख्याशास्त्रज्ञाने R (आवृत्ती 4.3.1) मधील blockrand पॅकेज वापरून तयार केली. दोन गटांचे प्रमाण 1:1 होते. 4 आणि 6 आकाराचे ब्लॉक यादृच्छिक क्रमाने वापरले. स्ट्रॅटिफिकेशन केले नाही. ब्लॉकचे आकार रुग्ण घेणाऱ्या फिजिओथेरपिस्टना ट्रायल पूर्ण होईपर्यंत सांगितले नव्हते. संख्याशास्त्रज्ञाने प्रत्येक वाटपाची चिठ्ठी फॉइलमध्ये गुंडाळून, कार्बन पेपरसह, 1 ते 50 असे क्रमांक दिलेल्या अपारदर्शक सीलबंद लिफाफ्यांत घातली. लिफाफे प्रशासकीय कार्यालयात कुलपात होते. फिजिओथेरपिस्टने पात्रता तपासून, लेखी संमती घेऊन आणि सुरुवातीची मोजमापे पूर्ण करून कार्यालयाला फोन केल्यावर, रुग्ण घेण्यात सहभाग नसलेल्या कर्मचाऱ्याने क्रमाने पुढचा लिफाफा घेऊन त्यावर रुग्णाचा ट्रायल क्रमांक, तारीख व वेळ लिहिली, मगच तो उघडला आणि गट फोनवर कळवला. यादी फिजिओथेरपिस्ट किंवा कार्यालयीन कर्मचारी यांना उपलब्ध नव्हती. रुग्ण आणि फिजिओथेरपिस्ट यांचे ब्लाइंडिंग शक्य नव्हते. 12 आठवड्यांनंतरची मोजमापे गट माहीत नसलेल्या वेगळ्या निरीक्षकाने घेतली.’

लांबी बघा, अकराच वाक्यं आहेत. नियतकालिकाची शब्दमर्यादा आड आली तर मोजमापांच्या उपकरणाचं वर्णन आखडा, हे आखडू नका. सीडचा आकडा पेपरमध्ये द्यायलाच हवा असं नाही, तो ट्रायलच्या फाइलमध्ये असला की पुरे.

हा परिच्छेद खरा तेव्हाच, जेव्हा प्रत्येक क्रियापद घडून गेलेल्या गोष्टीचं असतं. लिहिण्याआधी उघडलेले लिफाफे आणि रुग्णांची नोंदवही शेजारी ठेवा. लिफाफ्यांचे क्रमांक तारखेच्या क्रमाने चढत जातात का? चिठ्ठीवर कार्बनने उमटलेला रुग्णक्रमांक नोंदवहीशी जुळतो का? उघडण्याची वेळ संमतीनंतरची आहे का? कुठे पात्रता आणि लिफाफा यांत चार-पाच दिवसांचं अंतर दिसतं का, आणि का? गुणोत्तरही तपासा. आपल्या उदाहरणात पहिल्या 44 लिफाफ्यांत ब्लॉक पूर्ण झाले, म्हणून 22-22. शेवटच्या सहाच्या ब्लॉकमधले चार लिफाफे वापरले गेले, त्यांत तीन A आणि एक B. एकूण 25 आणि 23. ब्लॉक वापरूनही गट असमान कसे, हा प्रश्न रिव्ह्यूअरने विचारला तर हे त्याचं उत्तर आहे.

जुळत नसेल तर ते लिहायचं. समजा नोंदवहीत दिसलं की एका दुपारी दोन रुग्णांचे फोन पाठोपाठ आले आणि लिफाफा 32 हा 31 च्या आधी उघडला गेला. मग परिच्छेदाला एक वाक्य जोडा: ‘लिफाफे 31 आणि 32 चुकून उलट क्रमाने उघडले गेले, दोन्ही रुग्णांचे विश्लेषण त्यांना मिळालेल्या लिफाफ्यातील गटानुसार केले.’ लिफाफा उघडल्यावर एखाद्या रुग्णाने उपचार घेतलेच नाहीत, तरी तो लिफाफा त्याचाच राहतो. तो पुन्हा वापरायचा नाही, आणि रुग्णाची मोजणी त्याच गटात करायची. आणि माणसं खरंच कमी पडल्याने यादी करणाऱ्यानेच काही रुग्ण ट्रायलमध्ये घेतले असतील, तर किती आणि कोणत्या काळात ते मेथड्समध्ये लिहा. त्याचा निष्कर्षावर काय परिणाम होऊ शकतो, ते चर्चेतल्या मर्यादांमध्ये मांडा.